कळवतो म्हणाले

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलात की भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावं येतात, आणि गावांच्या आधी त्यांचे बोर्ड येतात. निसर्गाच्या कुशीत, डोंगराच्या कुशीत, धरणाच्या कुशीत. मुळशी तालुक्यात कुशीची टंचाई नाही. प्रत्येक बोर्डाच्या तळाशी दोन मोबाइल नंबर असतात आणि त्यातला एक हमखास कुठल्यातरी अण्णांचा असतो. मी ज्यांच्याबद्दल सांगतोय ते अण्णा घोटावडे फाट्याजवळ बसतात. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, समोर काचेच्या टेबलाखाली दाबलेला लेआउटचा नकाशा आणि टेबलावर एक जाड वही. मोबाइल आहे, पण तो भाच्याकडे. वही कोणाच्या हातात जात नाही.

प्लॉट दाखवणं हे अण्णांच्या मते पोराटोरांचं काम. गाडीत बसवायचं, कोळवणच्या बाजूला न्यायचं, डोंगर दाखवायचा, येताना मिसळ. खरा धंदा सुरू होतो तो गिऱ्हाईक ‘कळवतो’ म्हणून निघून गेल्यावर आणि मग काहीच न कळवता बसल्यावर. या शांततेचे अण्णा तज्ज्ञ आहेत. माणूस दोन आठवडे गप्प राहिला की बाकीचे एजंट त्याला सोडून देतात, नाहीतर पिडतात. अण्णा वही उघडतात.

“गप बसलेलं गिऱ्हाईक न्हाय म्हणत नसतं,” ते म्हणतात, “त्याला न्हाय म्हणता येत न्हाय, एवढंच असतं.”

यावर त्यांचा स्थानिक इतिहासाचा दाखलाही तयार असतो. याच तालुक्यात १९२१ साली टाटांच्या धरणाला जमीन द्यायची नाही म्हणून शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढे होते. म्हणजे इथल्या माणसाला ‘नाही’ म्हणायची सवय जुनी. पण आज प्लॉट बघायला येतो तो कोथरूडचा, बाणेरचा, बावधनचा सभ्य माणूस. तो नाही म्हणत नाही. तो ‘घरी बोलून बघतो’ म्हणतो. लग्नाच्या बाजारात अशा सभ्य लोकांसाठी ‘पत्रिका जुळत नाही’ ही सोय होती. मुलगी आवडली नाही, हुंडा कमी वाटला, मामाने मोडता घातला, काहीही असलं तरी बिचारी पत्रिका ते पोटात घ्यायची. प्लॉटच्या धंद्यात पत्रिका नाही, म्हणून गिऱ्हाईक फोन उचलत नाही. अण्णांचं निम्मं कसब म्हणजे त्याला एक पत्रिका पुरवणं.

भाचा मात्र वेगळ्या घडणीचा. त्याने पुण्यात मार्केटिंगचा कोर्स केला आहे. रोज सकाळी सात वाजता तो चारशे लोकांना सूर्य, गुलाब आणि कंपनीचा लोगो असलेलं ‘शुभ सकाळ’ पाठवायचा. आठवडाभर एकाचंही उत्तर येईना, तेव्हा अण्णांनी त्यातल्या एका ओळखीच्याला विचारलं. त्याला मेसेज पोचलाच नव्हता. ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलेला मेसेज ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, हे कोर्समध्ये शिकवलं नव्हतं वाटतं. “म्हंजे ज्यांना आपण पायजे, त्यांनाच तू छळतोयस,” अण्णा म्हणाले, “आन् ज्यांना नको, ते सुखात.”

भाच्याचं दुसरं अस्त्र ‘फक्त दोनच प्लॉट शिल्लक!!!’ हेही अण्णांनी काढून घेतलं. नैतिक कारणासाठी नाही. त्यांचा प्रकल्प महारेरात नोंदलेला आहे आणि किती प्लॉट विकले गेले याची माहिती दर तिमाहीला तिथे भरावी लागते. मुळशीत प्लॉट घेणारा माणूस बहुधा संगणकाच्या समोरच पगार कमावतो. तो दोन मिनिटांत बघतो की दोन नव्हे, चौदा शिल्लक आहेत. मग तो गप्प बसतो तो कायमचा.

तिसरं बंधन सगळ्यात गमतीदार, पण मला ते सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ सिनेमा आला तेव्हापासून अण्णांनी काही वाक्यं धंद्यातून हद्दपार केली. ‘मग कधी बसायचं?’ हे एक. ‘घरी येऊन भेटू का?’ हे दुसरं. आणि ‘तुमचा पत्ता आहे माझ्याकडे’ हे तर भाच्याने कुरिअरच्या संदर्भात लिहिलं होतं; ते वाचून एका बाईंनी तत्काळ नंबर ब्लॉक केला. आपल्याला साधं वाटणारं वाक्य, मुळशीचा जमिनीचा एजंट रात्री साडेनऊला पाठवतोय, असं डोळ्यासमोर आणून वाचायचं, मग पाठवायचं, हा अण्णांचा नियम. रात्री आठनंतर तर ते पाठवतच नाहीत.

अण्णा बोलतात मावळी आणि लिहितात हेडमास्तरांसारखं. भाच्याला सांगताना ‘आरं’ आणि ‘न्हाय’, पण मेसेज सांगायला लागले की एकदम ‘सप्रेम नमस्कार’. त्यांची पद्धत नीट कळावी म्हणून एकच गिऱ्हाईक सांगतो. नाव सांगत नाही; वहीतही ‘पांढरी गाडी, मॅडमना रस्त्याची काळजी’ एवढंच होतं.

हे जोडपं आलं २४ ऑगस्ट २०२५, रविवारी. पाच गुंठ्यांचा एनए प्लॉट, म्हणजे ५,४४५ चौरस फूट, बघितला. साहेबांनी डोंगराचे फोटो काढले. मॅडमनी फोटो काढले नाहीत. त्यांनी शेवटच्या वळणावर गाडीतून उतरून विचारलं, की जोराच्या पावसात हा रस्ता कसा असतो? अण्णांनी उत्तर दिलं आणि परत आल्यावर तो प्रश्न वहीत लिहिला. साहेबांचं ‘ब्यूटिफुल’ लिहिलं नाही. “कौतुक करतंय त्यो घेत न्हाय. शंका काढतंय त्यो घ्यायच्या विचारात असतो.”

त्याच संध्याकाळी सात वाजता पहिला मेसेज गेला. त्यात आभाराची एक ओळ, मग गट नंबर, क्षेत्र, लेआउटमधला रस्ता किती मीटरचा, महारेरा क्रमांक, सोबत सातबारा आणि एनए आदेशाची प्रत. भावाचा उल्लेख नाही, ‘आज बोलल्याप्रमाणे’ असलं काही नाही. मी विचारलं, इतकं कोरडं का? तेव्हा अण्णांनी मला त्यांच्या धंद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट सांगितली. हा मेसेज साहेबांसाठी नव्हताच. जमीन एकटा माणूस घेत नाही. साइटवर न आलेला कोणीतरी असतो, वडील, सासरे, वकील मित्र, आणि निर्णय बहुधा त्याच्यापाशी अडलेला असतो. त्याच्यापर्यंत अण्णा पोचू शकत नाहीत; मेसेज पोचतो, फॉरवर्ड होऊन. म्हणून पहिला मेसेज असा लिहायचा, की जो आपल्याला ओळखत नाही आणि ज्याने डोंगर पाहिलेला नाही, त्यालाही तो एकट्याने वाचून समजेल. भाव लिहिला तर सासरेबुवा वाचायच्या आधीच ‘महाग आहे’ म्हणतात.

मात्र सगळे कागद पाठवले नाहीत. एक मागे ठेवला. सातबाऱ्यावर एका जुन्या फेरफाराचा नंबर होता. त्या फेरफाराची नक्कल ‘नंतर देतो’ खात्यात. पुढे लिहायला निमित्त लागतं. हात हलवत ‘काही ठरलं का?’ विचारणारा एजंट आणि हातात कागद घेऊन येणारा एजंट यांत फरक असतो, असं अण्णांचं म्हणणं. निर्णय फिरेल असा कागद मात्र लपवायचा नाही, तो पहिल्या दिवशीच द्यायचा. मागे ठेवायचा तो किरकोळ. हा फेरफार त्यांना किरकोळ वाटला.

मंगळवारी उत्तर आलं: ‘धन्यवाद. बघून कळवतो.’ आणि मग सामसूम.

एरवीचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ आहे: त्याच संध्याकाळी, मग तिसऱ्या दिवशी, मग दहाव्या, मग महिन्याने. अंतर वाढत जातं ते उगाच नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत माणूस गप्प असतो तो विसरलेला असतो, त्याला आठवण चालते. दहा दिवसांनी तो विसरलेला नसतो, विचारात असतो किंवा टाळत असतो, आणि टाळणाऱ्या माणसाला रोज आठवण केली की टाळण्याची सवय पक्की होते. पण त्या भाद्रपदात वेळापत्रक चालेना. २७ ऑगस्टला गणपती बसले. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, सातला खग्रास चंद्रग्रहण आणि आठपासून पितृपक्ष. भाच्याने गणेशचतुर्थीला लोगोवाले मोदक पाठवायची परवानगी मागितली. “लोगो लावला की ती जाहिरात,” अण्णा म्हणाले, “सणाला लोकं जाहिरात वाचत न्हाईत, आन् आपला एक मेसेज वाया जातो.” गणपतीत त्यांनी चकार शब्द पाठवला नाही. भाचा रोज मोजत होता: नऊ दिवस झाले मामा, बारा झाले, चौदा झाले. अण्णांचं म्हणणं, हे चौदा दिवस गिऱ्हाइकाच्या खात्यात धरायचेच नाहीत. ते पंचांगाच्या खात्यातले.

९ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी साडेदहा. भाच्याने आधीच मसुदा तयार ठेवला होता: ‘सर, याआधी मेसेज केला होता, आपला काहीच रिप्लाय नाही. काही अपडेट?’ अण्णांनी तो चष्मा काढून वाचला, लावून वाचला आणि त्यातल्या एकेका शब्दाचं विच्छेदन केलं. दोन आठवडे उत्तर न दिलेला माणूस आपल्यावर रागावलेला नसतो, त्याला लाज वाटत असते. जितके दिवस जातात तितकी लाज वाढते, आणि शेवटी प्लॉट राहतो बाजूला, ‘आता इतक्या दिवसांनी काय उत्तर देऊ’ हीच अडचण होऊन बसते. त्याला ‘रिप्लाय नाही’ म्हणणं म्हणजे त्या लाजेवर बोट ठेवणं. उशिराचा दोष आपण आपल्या अंगावर घ्यायचा, म्हणजे तो मोकळा होतो. आणि ‘काही अपडेट?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर त्याने आधी घरात बैठक घ्यायला हवी. इतका मोठा प्रश्न विचारायचाच नाही.

मग अण्णांनी सांगितलं आणि भाच्याने लिहिलं:

‘सप्रेम नमस्कार. गणपतीच्या गडबडीत माझ्याकडूनच एक गोष्ट पाठवायची राहिली. मॅडमनी पावसातल्या रस्त्याबद्दल विचारले होते. जोराचा पाऊस चालू असताना त्याच वळणावर काढलेला व्हिडिओ सोबत पाठवत आहे. डाव्या बाजूला पाणी साचते, ते दिसेल. तिथे मोरी टाकायची आहे. सध्या पितृपक्ष आहे, व्यवहाराची काहीच घाई नाही. कागद वकिलांना दाखवायचे असल्यास झेरॉक्स संच पाठवू का? फक्त हो किंवा नको कळवावे.’

साचलेलं पाणी दाखवू नये, असं भाच्याचं म्हणणं होतं. अण्णांना मात्र तीच त्या व्हिडिओची किंमत वाटत होती. पाणी दिसलं तर बाकीचं खरं वाटतं. आणि पितृपक्षाची ओळ? तिच्यामुळे गप्प राहायला एक अधिकृत कारण मिळतं. पत्रिका, तीच ती.

निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. चार दिवसांनी, शनिवारी अकराला, एक फोन. शनिवार अकरा हा अण्णांच्या मते संगणकवाल्यांचा एकमेव मोकळा वेळ: नाश्ता झालेला, भाजी आणायला जायचं बाकी. वाजून वाजून बंद झाला. भाचा दुसऱ्यांदा लावायला गेला तेव्हा त्यांनी फोन काढून घेतला. लागोपाठ दोन मिस्ड कॉल म्हणजे कोणीतरी दवाखान्यात आहे, अशी समज असते. माणूस घाबरून उचलतो आणि प्लॉटवाला निघाल्यावर कायमचा नाराज होतो. ‘फोन केला होता, तातडीचे काही नाही, परत करण्याची आवश्यकता नाही’ एवढं लिहून वही मिटली. ती दहा दिवस उघडली नाही.

घरी वहिनी या शास्त्राला कंटाळल्या आहेत. “भाजी कुठली करू विचारलं तरी ‘फक्त हो किंवा नको कळवावे’ म्हणतात,” त्या मला म्हणाल्या. मागे एकदा भांडण झालं आणि त्या बोलेनात, तेव्हा अण्णांनी तिसऱ्या दिवशी गजरा आणला, दहाव्या दिवशी साडी आणली. “मधले सात दिवस हे वहीत लिहून गप बसले होते,” वहिनी म्हणाल्या, “मला वाटलं, यांना कायतरी झालं.”

घटस्थापना सोमवारी २२ सप्टेंबरला झाली. दुसऱ्या दिवशी, साइट बघून बरोबर महिना झाल्यावर, शेवटचा मेसेज गेला. हा लिहिताना अण्णा भाच्यालाही जवळ बसू देत नाहीत, पण मी बघितला:

‘सप्रेम नमस्कार. प्लॉटचा विषय आपण तूर्त बाजूला ठेवला आहे असे समजू का? अंतर, बजेट, घरच्यांचे मत, काहीही कारण असू शकते, ते सांगण्याची गरज नाही. तसे असल्यास नुसते “थांबा” लिहावे. मी यादीतून नाव काढतो व पुन्हा त्रास देणार नाही.’

यात भाच्याला आत्महत्या दिसली. गिऱ्हाइकाला आपणच दार दाखवायचं? पण अण्णांचा हिशेब वेगळा होता. ज्याला नको आहे तो ‘थांबा’ लिहितो आणि वहीतलं एक पान मोकळं होतं. त्या पानावर रोज उगाच आशा वाया जात होती. ज्याला हवंय, त्याला नाव काढण्याची भीती वाटते. आणि काढतो म्हटलं तर खरंच काढायचं. एकदा शब्द मोडून त्यांनी एका माणसाला दिवाळीत पुन्हा मेसेज केला होता. त्याने मेसेज रिपोर्ट केला, नंबर काही दिवस बंद पडला, आणि तेव्हापासून अण्णा आपला शब्द पाळतात.

पाऊण तासात उत्तर आलं, अनोळखी नंबरवरून. ‘नाव काढू नये. मी मुलीचा वडील. २४ ऑगस्टपासून आपले कागद माझ्याकडे आहेत. सोबत अकरा प्रश्न.’

हे गृहस्थ भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले निघाले. महिनाभर जावई गप्प होता याचं कारण एवढंच, की सासरे सातबारा वाचत होते आणि त्यांचं वाचून होईपर्यंत काही बोलायची जावयाची छाती नव्हती. २८ तारखेला ते स्वतः आले, रस्ता पायी चालले, मोरीची जागा काठीने मोजली आणि अकरापैकी दहा प्रश्नांवर समाधान झाल्याचं सांगितलं. उरला एक. इतर हक्कात तो जुना फेरफार दिसतोय, त्याची नक्कल. अण्णा म्हणाले, “दोन दिवसांत देतो, साहेब.”

मागे ठेवलेला तो किरकोळ कागद अण्णांकडे मुळात नव्हताच. पौडला तहसीलला अर्ज करायचा, पानं शोधायची, नक्कल घ्यायची. उद्या जाऊ म्हणता म्हणता दसरा आला.

सासरेबुवांचा पहिला मेसेज त्याच संध्याकाळी आला होता: आभार, आणि हव्या असलेल्या कागदाचा नंबर. तिसऱ्या दिवशी सातबाऱ्याचा फोटो आला, त्यात फेरफाराच्या नंबराभोवती लाल पेनाने गोल. ‘शोधायला सोपे जावे म्हणून.’ दसऱ्याला काही आलं नाही. दहाव्या दिवशी नकलेचा अर्ज आला, सुवाच्य अक्षरात पूर्ण भरलेला: ‘आपणांस वेळ झाला नसेल, म्हणून मीच भरून ठेवला. सही कुठे करायची तिथे फुली मारली आहे. चालेल का? फक्त हो किंवा नको.’ अण्णांनी वाचला आणि फोन टेबलावर उपडा ठेवला. निळ्या खुणा तिकडे दिसल्या असणारच.

१२ ऑक्टोबरला, रविवारी, मी चहाला गेलो तेव्हा भाचा मोठ्याने वाचत होता: “‘नकलेचा विषय आपण तूर्त बाजूला ठेवला आहे असे समजू का? कारण सांगण्याची गरज नाही. नुसते थांबा लिहावे…’ मामा, हा आपलाच मेसेज हाय!”

“जावयानं फॉरवर्ड केला असनार,” अण्णा म्हणाले. त्यांनी फोन हातात घेतला, एक लांबलचक मजकूर लिहिला, खोडला, पुन्हा ‘सप्रेम’पर्यंत आले आणि अडले. “काय लिहू रं?”

“कळवतो म्हणा,” भाचा म्हणाला.

अण्णांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग टेबलाचा खण उघडून त्यांनी दुचाकीची किल्ली काढली, रविवारी तहसील बंद असतं हे आठवून परत ठेवली, आणि वहीत उद्याच्या तारखेपुढे, आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतःचं नाव लिहिलं.